रविवार वगळून महिन्याच्या तारखा: एका फॉर्म्युल्याची गोष्ट

घरगुती डब्याचा व्यवसाय करणाऱ्या काकूंची वही पाहिली तर तिचा आराखडा ठरलेला असतो. डावीकडे तारखा, वर गिऱ्हाइकांची नावं आणि मधल्या चौकटींत डबा गेला की नाही याची खूण. रविवारी डबा बंद, म्हणून रविवारची तारीख वहीत लिहायचीच नाही. महिन्याच्या शेवटी चौकटी मोजायच्या, खाडे वजा करायचे आणि बिल सांगायचं. हीच वही संगणकावर एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये आणली, की दर महिन्याला तारखा हाताने टाकायचं काम उरतं. भिंतीवरचं कॅलेंडर बघत एकेक तारीख टाइप करताना एखादा रविवार आत शिरतो किंवा एखादा सोमवार गळतो, आणि एका दिवसाचा फरक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो.

हे काम `SEQUENCE` नावाचं फंक्शन करतं. फक्त वर्ष आणि महिना सांगायचा. तारखा ते मांडतं. मात्र रविवार वगळणं त्याला एकट्याला जमत नाही. ते का जमत नाही हे कळलं, की पुढचा फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही, आपला आपल्याला सुचतो.

सुरुवात तारीख म्हणजे काय इथून करू. आपल्याला पडद्यावर 01-08-2026 दिसतं, पण सेलच्या पोटात असतो एक साधा आकडा: 46235. एक्सेलच्या हिशेबात १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, आणि तिथून रोज एकेक वाढवत आलं की १ ऑगस्ट २०२६ ला हा आकडा येतो. २ ऑगस्टचा आकडा 46236. गूगल शीट्सची मोजणी सुरू होण्याचा दिवस किंचित वेगळा आहे, पण मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे जुळतात, त्यामुळे आपल्या कामात फरक पडत नाही. महिन्याच्या तारखा मांडणं म्हणजे प्रत्यक्षात एकाने वाढत जाणारे आकडे एकाखाली एक मांडणं, आणि `SEQUENCE` नेमकं तेवढंच करतं. किती ओळी, किती रकाने, कुठून सुरुवात आणि कितीची उडी, एवढ्या चार गोष्टी ते विचारतं. उडी सांगितली नाही तर ती एकाची धरतं.

आता आपली शीट मांडू. B1 मध्ये वर्ष 2026, B2 मध्ये महिन्याचा क्रमांक 8. चौथ्या ओळीत गिऱ्हाइकांची नावं आणि A5 पासून खाली तारखा. A5 मध्ये हे लिहायचं:

```
=SEQUENCE(DAY(DATE(B1,B2+1,0)),1,DATE(B1,B2,1))
```

`DATE(B1,B2,1)` म्हणजे निवडलेल्या महिन्याची पहिली तारीख, तिथून सुरुवात. मधला `1` म्हणजे एकच रकाना. पहिला भाग मात्र नीट पाहण्यासारखा आहे, कारण ओळी किती हव्यात हे तो ठरवतो. `DATE(B1,B2+1,0)` मध्ये आपण पुढच्या महिन्याची शून्य तारीख मागतो. पहिल्या तारखेच्या एक दिवस आधी, म्हणजे चालू महिन्याचा शेवटचा दिवस, असा तिचा अर्थ लावला जातो. ऑगस्टसाठी तो ३१ ऑगस्ट. त्यातून `DAY` ने 31 हा आकडा काढला. फेब्रुवारी २०२६ ला 28 येईल आणि २०२८ हे लीप वर्ष असल्याने त्या फेब्रुवारीला 29. डिसेंबरला महिना 13 होतो तरी अडत नाही, तेराव्या महिन्याची शून्य तारीख म्हणजे ३१ डिसेंबर हेही त्याला कळतं. पुष्कळ जण या जागी सरळ 31 लिहून मोकळे होतात. ऑगस्टमध्ये ते चालतं. सप्टेंबरची शीट काढली की यादीच्या तळाशी १ ऑक्टोबर येऊन बसतो.

एंटर दाबल्यावर तारखांऐवजी 46235, 46236 असे आकडे दिसले तर घाबरू नका. फॉर्म्युला बरोबर आहे, फक्त सेलला तारखेचं रूप दिलेलं नाही. A5 पासून A35 पर्यंतचे सेल निवडून फॉरमॅटमध्ये तारीख निवडली की झालं. तिथेच `dd-mm-yyyy ddd` असा फॉरमॅट दिला तर तारखेशेजारी वारही दिसतो. तो जरूर दिसू द्यावा, कारण पुढे चूक पकडायला तोच उपयोगी पडतो.

आता रविवार. `SEQUENCE` ची उडी एकदाच ठरते आणि शेवटपर्यंत तीच राहते. आपल्याला मात्र शनिवारनंतर दोनाची उडी हवी आहे आणि बाकी दिवशी एकाची. असमान उडीची सोय या फंक्शनमध्ये नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं: आधी रविवारांसकट सगळ्या तारखा तयार करायच्या आणि मग त्यातले रविवार गाळायचे. गव्हातले खडे निवडतो तसं. निवडण्याचं काम `FILTER` करतं, आणि रविवार कोणता ते `WEEKDAY` सांगतं:

```
=LET(d, SEQUENCE(DAY(DATE(B1,B2+1,0)),1,DATE(B1,B2,1)),
 FILTER(d, WEEKDAY(d)<>1))
```

इथे `LET` ने सगळ्या तारखांच्या यादीला `d` हे छोटं नाव दिलं आहे, नाहीतर तोच लांबलचक भाग दोनदा लिहावा लागला असता. `WEEKDAY` प्रत्येक तारखेला वाराचा क्रमांक देतं: रविवार 1, सोमवार 2, असं करत शनिवार 7. `<>1` म्हणजे एक नसलेले. ज्या तारखेचा क्रमांक एक नाही ती राहते, बाकीच्या गळतात.

ऑगस्ट २०२६ ची यादी कशी येते ते बघा. १ तारखेला शनिवार आहे, म्हणून A5 मध्ये १ ऑगस्ट. लगेच २ ला रविवार, तो गेला. A6 मध्ये ३ ऑगस्ट. पुढे ९, १६, २३ आणि ३० हे रविवार गळतात. एकतीस दिवसांतून पाच रविवार गेले, राहिले २६ दिवस, आणि A30 मध्ये ३१ ऑगस्ट येऊन यादी संपते. डबा ८० रुपयांचा असेल तर एकही खाडा न करणाऱ्याचं बिल २,०८० रुपये, दोन खाडे असतील तर १,९२०.

हे सगळ्या संगणकांवर चालेल असं नाही. गूगल शीट्समध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये चालतं, एक्सेल २०२१ मध्येही चालतं. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये ही फंक्शनंच नाहीत, तिथे `#NAME?` असं उत्तर येतं. तसं आलं तर फॉर्म्युल्यात चूक शोधत बसू नये. A5 मध्ये महिन्याची पहिली कामाची तारीख हाताने लिहावी, A6 मध्ये `=A5+IF(WEEKDAY(A5)=7,2,1)` लिहून ते A31 पर्यंत खाली ओढावं आणि पुढच्या महिन्यात गेलेल्या तारखा पुसाव्यात. शनिवारनंतर दोनाची उडी, एरवी एकाची. `SEQUENCE` ला जी असमान उडी जमत नाही ती इथे एकेका सेलमधून जमते. फक्त दर महिन्याला तळाशी लक्ष द्यावं लागतं.

वर्ष आणि महिना वेगवेगळ्या सेलमध्ये ठेवण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगायला हवं. एकाच सेलमध्ये 01/08/2026 लिहून त्यावरून महिना काढता येतो आणि अनेक जण तसंच करतात. पण गूगल शीटचा देश अमेरिका असा ठरलेला असेल, तर ती तारीख ८ जानेवारी अशी वाचली जाते. फॉर्म्युला तक्रार करत नाही. तो निमूटपणे जानेवारीची यादी काढून देतो, आणि जानेवारी २०२६ मध्ये चारच रविवार असल्यामुळे दिवस २७ होतात. वर्ष आणि महिना असे सुटे आकडे दिले तर हा घोटाळा होऊच शकत नाही.

दुसरा घोटाळा वाराच्या क्रमांकाचा, आणि हा अधिक लपून राहतो. `WEEKDAY` ला स्वल्पविरामानंतर 2 दिला तर मोजणी सोमवारपासून सुरू होते: सोमवार 1, रविवार 7. हीही पद्धत सोयीची आहे, पण मग अट `<>7` अशी हवी. कुठून तरी उचललेल्या फॉर्म्युल्यात `WEEKDAY(d,2)<>1` असं राहून गेलं तर रविवार यादीत राहतात आणि सोमवार गळतात. तुम्ही म्हणाल, दिवस मोजले की कळेलच. ऑगस्ट २०२६ मध्ये कळणार नाही. एकतीस दिवसांच्या महिन्यात पहिले तीन वार पाच-पाच वेळा येतात. हा महिना शनिवारी सुरू होतो, म्हणून शनिवार, रविवार आणि सोमवार तिघेही पाच वेळा येतात. सोमवार गाळले तरी उरलेले दिवस २६ च. बेरीज जुळते, बिलाची रक्कमही जुळते, आणि यादी चुकीची असते. म्हणून तारखेशेजारी वार दिसायला हवा असं वर म्हटलं. शिवाय एखाद्या रिकाम्या सेलमध्ये ही तपासणी कायमची ठेवता येते:

```
=SUMPRODUCT(--(WEEKDAY(A5:A31)=1))
```

यादीत किती रविवार आहेत ते ही मोजते. उत्तर शून्य यायला हवं. वेगळं काही आलं, तर पुढे जाण्याआधी फॉर्म्युल्यातली अट बघायची.

वर A31 ही शेवटची ओळ का धरली? रविवार सोडून महिन्यात कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त २७ दिवस येतात. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत चार रविवार असतातच, म्हणून २४. एकतीस दिवसांत चारच रविवार आले, की २७. A5 पासून सत्तावीस ओळी म्हणजे A31. ही जागा नेहमी मोकळी ठेवावी लागते, कारण फॉर्म्युला फक्त A5 मध्ये असतो आणि त्याचं उत्तर खाली पसरतं. पसरायच्या वाटेत एखादा शब्द जरी आला, तरी उत्तर थोडं कमी येत नाही, पूर्णच अडतं. एक्सेलमध्ये `#SPILL!` दिसतं आणि गूगल शीट्समध्ये `#REF!`. समजा, काकूंनी ऑगस्टची यादी A30 ला संपलेली पाहून A31 मध्ये 'एकूण' लिहिलं. सप्टेंबर २०२६ मध्येही दिवस २६ च, सगळं ठीक चालतं. ऑक्टोबरमध्ये मात्र रविवार ४, ११, १८ आणि २५ असे चारच आहेत, दिवस २७ होतात, आणि शेवटची तारीख 'एकूण' या शब्दावर आदळते. दोन महिने व्यवस्थित चाललेली शीट अचानक रिकामी दिसते आणि कारण उमगत नाही. 'एकूण' ची ओळ तारखांच्या वर, तिसऱ्या ओळीत ठेवली तर हा प्रश्न उरत नाही. एक्सेलमध्ये आणखी एक जागा टाळायची: इन्सर्टमधून बनवलेल्या टेबलच्या आत हा फॉर्म्युला पसरतच नाही, तिथेही `#SPILL!` येतं. तो साध्या सेलमध्येच लिहावा.

सुट्टीचा वार प्रत्येकाचा रविवारच असतो असं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मान्य झाली. पण पुणे-पिंपरी भागातल्या कितीतरी कारखान्यांना आजही गुरुवारी सुट्टी असते. त्या कामगारांना डबा देणाऱ्यांनी अटीतल्या 1 च्या जागी 5 लिहायचं, कारण रविवारपासून मोजत गेलं की गुरुवार पाचवा. बाकी फॉर्म्युल्याला हात लावावा लागत नाही.

सणासुदीच्या सुट्ट्याही गाळता येतात. H2 पासून H12 पर्यंत त्या तारखा लिहून ठेवायच्या आणि शेवटची अट वाढवायची:

```
=LET(d, SEQUENCE(DAY(DATE(B1,B2+1,0)),1,DATE(B1,B2,1)),
 FILTER(d, (WEEKDAY(d)<>1)*(COUNTIF(H2:H12,d)=0)))
```

मधला गुणाकार म्हणजे 'दोन्ही अटी पाळणाऱ्याच तारखा'. रविवार नको, आणि सुट्टीच्या यादीत एकदाही आलेली नको. १५ ऑगस्ट २०२६ ला शनिवार आहे. ती तारीख H2 मध्ये लिहिली की २६ चे २५ दिवस होतात.

आणि इथेच या फॉर्म्युल्याचा सर्वांत मोठा धोका आहे. लाल अक्षरांत दिसणाऱ्या चुकीपेक्षा तो वाईट, कारण तो अजिबात दिसत नाही. तारखा फॉर्म्युल्यातून येतात, पण शेजारच्या रकान्यातल्या खुणा आपण हाताने लिहितो. तारखांची यादी बदलली की तारखा सरकतात. खुणा जिथल्या तिथे राहतात. दोघांमध्ये कुठलाही धागा नाही.

प्रत्यक्षात काय होतं बघा. ऑगस्टची यादी १५ तारखेसकट काढली आहे. १५ ऑगस्ट A17 मध्ये, सोमवार १७ तारीख A18 मध्ये आणि मंगळवार १८ तारीख A19 मध्ये. एका गिऱ्हाइकाने मंगळवारी डबा नको म्हणून कळवलं, त्याच्या रकान्यात एकोणिसाव्या ओळीत खाडा मांडला. २० तारखेला काकूंच्या लक्षात आलं, की १५ ला डबे बंद होते आणि ती सुट्टी लिहायची राहिली. त्यांनी H2 मध्ये १५ ऑगस्ट लिहिलं. त्या क्षणी १७ तारीख A17 मध्ये सरकली, १८ तारीख A18 मध्ये आणि A19 मध्ये आली १९ तारीख. खाडा मात्र एकोणिसाव्या ओळीतच आहे. म्हणजे आता शीट सांगते की त्या गिऱ्हाइकाने बुधवारी डबा घेतला नाही. १५ च्या पुढची प्रत्येक खूण, प्रत्येक गिऱ्हाइकाची, एकेका दिवसाने चुकीच्या तारखेसमोर गेली. कुठेही लाल अक्षर नाही, रविवार मोजणारी तपासणीही शून्यच दाखवते. गिऱ्हाईक म्हणेल मी मंगळवारी नाही म्हटलं होतं, आणि काकू शीट दाखवून म्हणतील बुधवारी.

सप्टेंबर सुरू झाला म्हणून त्याच शीटवर B2 मध्ये 9 लिहिलं तर याहून मोठा गोंधळ होतो. सगळ्या तारखा सप्टेंबरच्या होतात आणि ऑगस्टच्या खुणा त्यांच्यासमोर उभ्या राहतात. जुना महिना मग कुठेच उरत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे, की हा फॉर्म्युला नोंदवही तयार करण्यासाठी आहे, नोंदवही चालवण्यासाठी नाही. महिना सुरू होण्याआधी सुट्ट्या लिहून घ्या आणि यादी काढा. वार डोळ्यांखालून घाला. मग तारखांचे सगळे सेल निवडून कॉपी करा आणि त्याच जागी फक्त किमती पेस्ट करा. गूगल शीट्समध्ये त्यासाठी Ctrl+Shift+V आहे, एक्सेलमध्ये पेस्ट स्पेशलमधलं Values. फॉर्म्युला जातो आणि नुसत्या तारखा राहतात. आता त्या कशानेही सरकणार नाहीत. फॉर्म्युला असलेली मूळ शीट वेगळी ठेवा आणि दर महिन्याला तिची प्रत काढून त्या प्रतीवर हे करा. महिना सुरू झाल्यावर एखादी सुट्टी आठवली तर यादीतून ती तारीख काढू नका. त्या दिवशी सगळ्यांच्या रकान्यात खाडा मांडा. बिल तेवढंच येतं आणि एकही खूण जागची हलत नाही.

पहिली खूण लिहिण्याआधी A5 वर एकदा क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला पट्टीत पाहा. तिथे `=LET` दिसत असेल, तर तारखा अजून गोठवलेल्या नाहीत. आधी तेवढं करा, मग वही लिहायला घ्या.